लंबकाला ‘सायन्स की कॉमर्स’ विचारणाऱ्या संस्थेस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. खानापूर तालुक्यात ज्यांना कळायचं त्यांना ते कळेलच. मी आपल्याच हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. फळ्यावर लंबकाची आकृती काढून त्याचा आवर्तकाल मोजायला शिकवणं हे माझं काम होतं. म्हणून मे महिन्यात तोच लंबक आपल्या सभागृहात देवदूतांचा निरोप्या म्हणून बसलेला पाहिला, तेव्हा गप्प राहणं जमलं नाही. दोन पत्रं आपल्याला दिली. पहिल्याला पोच मिळाली, उत्तर नाही. दुसऱ्याला तोंडी निरोप आला की “मास्तर, लोकांच्या श्रद्धा दुखावतात.” आता हे तिसरं सगळ्यांसमोर लिहितो आहे.

झालं ते असं. दहावीचा, म्हणजे एसएसएलसीचा निकाल लागला आणि पंधरवड्यातच सभागृहात ‘देवदूत आणि आत्मिक मार्गदर्शक’ असं दोन दिवसांचं शिबिर झालं. माणशी दीड हजार रुपये. शाळेच्या सूचनाफलकावर त्याचा कागद लागला होता, त्यामुळे पालकांना ते शाळेचंच वाटलं. माझी सून माझ्या नातीला घेऊन गेली. तिथे प्रत्येक मुलाला एका चिठ्ठीवर त्याच्या देवदूताचं नाव मिळालं आणि दोऱ्याला बांधलेला एक स्फटिक मिळाला. हातात धरून प्रश्न विचारायचा. पुढे-मागे हलला तर हो, आडवा हलला तर नाही. नातीने विचारलं, सायन्स घेऊ का? स्फटिक आडवा हलला. घरी येऊन पोरगी म्हणाली, “आजोबा, मी हलवत नाही ओ, ते आपोआप हलालंय!” आणि ती खोटं बोलत नव्हती. ही गोष्ट आपण नीट लक्षात घ्यावी अशी विनंती आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

माझी पहिली तक्रार या स्फटिकाबद्दल आहे. देवदूत आहेत की नाहीत हा वाद मी आपल्याशी घालत नाही. लंबक कोण हलवतं एवढाच माझा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर १८३३ साली छापून आलेलं आहे. शेव्ह्रल नावाचे एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. चरबी आणि साबणाचं रसायन उलगडणारे, एकशे दोन वर्षं जगलेले. त्या काळी दोऱ्याला लोखंडी कडं बांधून ते पाऱ्यावर धरलं की हलतं, म्हणजे पाऱ्यातून काही शक्ती निघते, असं चांगले शिकलेले लोक मानत. शेव्ह्रल यांनी धरून पाहिलं तर त्यांच्याही हातात ते हललं. त्यांनी ‘थोतांड’ म्हणून दोरा फेकून दिला नाही. आधी हाताला लाकडाचा आधार दिला आणि तो खांद्याकडून बोटांकडे सरकवत नेला. आधार जसा बोटांजवळ येईल तसं हलणं कमी होत गेलं. बोटंच टेकवल्यावर थांबलं. मग पारा आणि कडं यांच्यामध्ये काच सरकवली. काच दिसत होती तोवर हलणं मंदावायचं. शेवटी स्वतःचे डोळे बांधून घेतले आणि दुसऱ्या माणसाला सांगितलं, काच कधी घाल, कधी काढ, मला सांगू नकोस. झालं. काचेचा परिणाम नाहीसा झाला. काच पाऱ्याची शक्ती अडवत नव्हती, ती शेव्ह्रल यांची अपेक्षा अडवत होती. हे सगळं त्यांनी अँपियर यांना लिहिलेल्या पत्रात मांडलं आणि ते पत्र मासिकात छापलं. म्हणजे तेही एक खुलं पत्रच होतं, एवढं समाधान मला आहे.

आता आपल्याच शाळेतलं गणित. वीतभराहून थोडा लांब, पंचवीस सेंटिमीटरचा दोरा असेल तर लंबक साधारण एका सेकंदात एक फेरी पुरी करतो. त्याच तालावर बोटाने केसभर जरी ढकललं तरी झोका वाढत जातो. झाडाला बांधलेल्या झोपाळ्यावरचं लहान मूल पाय हलवून उंच जातं तसा. बोटाची ती हालचाल इतकी बारीक असते की करणाऱ्यालाही कळत नाही. मनात ‘आडवा हलेल’ असं आलं की बोट तिकडे जातं. पूर्वी बेळगावच्या वाड्यांतून रात्री प्लँचेट चालायचं, पालथ्या वाटीवर चौघांनी बोटं ठेवायची; तिथेही प्रत्येकाला दुसराच ढकलतोय असं वाटायचं. फसवणूक कोणीच करत नव्हतं.

हे सांगून नातीला पटलं नाही, आणि पटू नयेच. म्हणून आम्ही घरी करून पाहिलं. दोन स्टीलच्या वाट्या पालथ्या ठेवल्या, एकीखाली रुपया. रुपया कुठल्या वाटीखाली ठेवायचा हे दर वेळी दुसरं नाणं उडवून ठरवायचं. तिने प्रत्येक वाटीवर स्फटिक धरून ‘इथे आहे का’ विचारायचं. वीस वेळा.

पहिल्या फेरीत रुपया तिच्यासमोरच ठेवला. वीसपैकी वीस बरोबर. म्हणजे हात, दोरा, प्रश्न सगळं चालू स्थितीत आहे, नंतर ‘आज ऊर्जा नव्हती’ म्हणायला जागा नाही. ही फेरी कधी वगळू नये.

दुसऱ्या फेरीत ती पाठ करून उभी राहिली, मी रुपया लपवला आणि समोर बसलो. सोळा बरोबर आले. खरं सांगतो, मी चपापलो. नुसत्या नशिबाने वीसपैकी दहाच्या आसपास यावेत. सोळा किंवा त्याहून जास्त यायची शक्यता हजारात सहा इतकीच आहे. सून माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहत होती. रात्री झोप लागली नाही. मग आठवलं की वीसच्या वीस वेळा मी त्या वाटीपासून हातभर अंतरावर बसलो होतो आणि मला उत्तर माहीत होतं. जर्मनीत शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हान्स नावाचा एक घोडा टाप आपटून बेरजा सांगायचा. तपासल्यावर कळलं की तो समोरच्याच्या चेहऱ्यावरचा ताण सुटताना बघून थांबतो. ज्या माणसाला उत्तर येत नसेल त्याच्यासमोर घोड्यालाही येत नसे. माझी नात त्या घोड्याहून कितीतरी हुशार आहे, आणि माझा चेहरा तिने जन्मापासून वाचलेला आहे.

तिसऱ्या फेरीत शेजारच्या काकींना बोलावलं. त्यांनी नाणं उडवायचं, रुपया ठेवायचा आणि आम्ही आत यायच्या आधी मागच्या दाराने परसात निघून जायचं. खोलीत असलेल्या कुणालाच उत्तर माहीत नाही. नऊ बरोबर.

नातीने स्वतःच वहीत तीन आकडे एकाखाली एक लिहिले, २०, १६, ९, आणि बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे सायन्स नको हे मीच म्हटलं व्हय?” तिला गणिताची भीती वाटत होती. ती भीती खरी होती, तिच्यावर कुणीतरी बसून बोलायला हवं होतं. शाळेच्या सभागृहात मात्र तिच्या भीतीला देवदूताचं नाव देऊन पक्कं केलं गेलं.

या प्रयोगाने देवदूत नाहीत हे सिद्ध होत नाही, हेही मी आपल्याला सांगतो, म्हणजे कुणी उद्या माझ्या तोंडी ते घालणार नाही. सिद्ध होतं ते एवढंच, की धरणाऱ्याला आणि भोवतालच्यांना जे माहीत नाही ते स्फटिकालाही माहीत नसतं. कॅनडात टोरांटोला १९७२ साली काही मंडळींनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. आठ जणांनी मिळून एक भूत चक्क रचलं. फिलिप त्याचं नाव. सतराव्या शतकातला इंग्रज सरदार, घरची बायको, बाहेरची प्रेयसी, शेवटी आत्महत्या, सगळी कहाणी बनावट आणि ती बनावट आहे हे आठही जणांना ठाऊक. वर्षभर ध्यान लावून काही झालं नाही. मग टेबलाभोवती बसून गाणी म्हणत, थट्टामस्करी करत बोलावलं, तर टेबलातून टकटक सुरू झाली: एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. टेबल खोलीभर सरकू लागलं. फिलिपने स्वतःच्या आयुष्याबद्दल बरोबर उत्तरं दिली, पण मंडळींना जे माहीत होतं त्याच्या बाहेर त्याची मजल कधी गेली नाही. कधीच न जन्मलेला माणूस जर इतकं बोलू शकतो, तर ‘उत्तर आलं’ यावरून ‘उत्तर देणारा कुणी आहे’ असं म्हणता येत नाही. नास्तिक मंडळींना हे सांगायची गरज नसते. ती सांगायची गरज श्रद्धाळूंनाच जास्त असते, कारण खरा निरोप आणि स्वतःचाच आवाज यांतला फरक त्यांना करायचा असतो.

दुसरी तक्रार श्रद्धांविषयीच आहे. ‘सगळ्या धर्मांत देवदूत आहेतच की’ असं शिबिरात वारंवार सांगितलं गेलं आणि आपणही मला तेच ऐकवलंत. आहेत. पण ते कसे आहेत हे आपल्या गावच्या लोकांना विचारा तरी. माझी आजी शेतातल्या विहिरीवर साती आसरांना हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या ठेवायची आणि आम्हाला बजावायची: आसरांना हाक मारायची नाही, तिन्हीसांजेला त्यांच्या वाटेत जायचं नाही. माझे मुसलमान स्नेही नमाज संपताना उजवीकडे आणि डावीकडे मान वळवून सलाम करतात. दोन खांद्यांवर दोन लिहिणारे फरिश्ते आहेत, माणसाचं बरं-वाईट टिपून ठेवणारे, असं ते मानतात. ते हिशेब लिहितात, सल्ला विकत नाहीत. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे १२०४ सालचं जैन मंदिर आहे. जैन शेजाऱ्यांना विचारा, पद्मावती देवी पूजनीय आहे, पण कुणाचं कर्म ती पुसू शकते का? ते नाही म्हणतील. आणि ख्रिस्ती परंपरेत तर हा शब्दच निरोप्या या अर्थाचा आहे. हिब्रू मलाख, ग्रीक अँगेलोस, दोन्हींचा अर्थ निरोप आणणारा. निरोप्या धाडणाऱ्याच्या मर्जीने येतो, आपण दोरा हलवला म्हणून नव्हे.

चिठ्ठीवर देवदूताचं नाव लिहून देण्याबद्दल तर गंमतच आहे. इसवी सन ७४५ मध्ये रोमच्या धर्मसभेने आल्डबेर्ट नावाच्या एका उपदेशकाला याच गोष्टीवरून दोषी ठरवलं: तो प्रार्थनेत कुठल्याकुठल्या नावांच्या देवदूतांना हाका मारी. आणि २००१ मध्ये व्हॅटिकनने पुन्हा लेखी सांगितलं की धर्मग्रंथात आलेली मायकेल, गॅब्रिएल, राफाएल ही नावं सोडून देवदूतांना वेगळी नावं देऊ नयेत. म्हणजे आपल्या सभागृहात जे झालं त्याला आजीनेही हरकत घेतली असती, मशिदीतल्या चाचांनीही आणि चर्चमधल्या फादरांनीही. मग नक्की कुणाच्या श्रद्धा जपायच्या म्हणून मला गप्प बसवता आहात?

तिसरी गोष्ट तक्रार म्हणून लिहावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो होतो, दीड हजार भरून.

तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. त्यानंतर कित्येक महिने संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा लावताना ती माझ्या मागे उभी आहे असं मला जाणवायचं. दिसायची नाही, बोलायची नाही. उभी असायची, डाव्या बाजूला, फडताळाजवळ. मी मागे वळत नसे, कारण वळलं की ते जायचं. विज्ञानाचा मास्तर असल्यामुळे हे कुणाला सांगितलं नाही. नंतर वाचनात आलं की वेल्समध्ये रीस नावाच्या डॉक्टरांनी आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांशी एकेक करून बोलून १९७१ साली लेख लिहिला होता. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराची जाणीव झालेली होती, अनेकांना वर्षानुवर्षं. बहुतेकांनी ते कुणाजवळ बोललेलं नव्हतं आणि बहुतेकांना त्याचा आधारच वाटत होता. म्हणजे मला वेड लागलेलं नव्हतं. तो लेख वाचून मला जेवढं हलकं वाटलं तेवढं कुठल्याच सांत्वनाने वाटलं नव्हतं. पुढे स्वित्झर्लंडच्या मेंदूतज्ज्ञांनी एका अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूचा कानामागचा एक भाग विजेने हलकासा चेतवला, तेव्हा तिला आपल्या मागे कुणीतरी सावलीसारखं आहे असं जाणवलं. ती उठून बसली तर तेही बसलं. आपल्याच शरीराची जाणीव मेंदू कधी कधी दुसऱ्याची म्हणून वाचतो, असं ते म्हणतात. माझ्या फडताळाजवळच्या जाणिवेचं कारण तेच असेल का? असू शकेल. कारण कळल्याने ती संध्याकाळ खोटी होत नाही, एवढं मला अनुभवाने सांगता येतं.

हे सगळं मी शिबिरात बोललो नाही. पण माझ्या वयाचा एकटा माणूस कशासाठी आला असेल हे ओळखायला देवदूत लागत नाही. मला सांगण्यात आलं, “काकू आता तुमच्या मार्गदर्शक झाल्यात. पुढच्या पातळीचं शिबिर केलंत तर रोज बोलता येईल.” पाच हजार. आणि मी, जो मुलांना लंबक शिकवायचा, मी पाकीट बाहेर काढलं होतं. ते उघडण्याआधी एकच विचारलं: लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तिने मला एक नाव ठेवलं होतं, तेवढं तिला विचारून सांगा. उत्तर आलं की अशा परीक्षा घेतल्याने ऊर्जा तुटते.

चाळीस वर्षांत तिने माझ्या एकाही प्रश्नाला ‘ऊर्जा तुटते’ म्हटलं नव्हतं. मी पाकीट खिशात टाकलं. पण त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईने आपलं पाकीट उघडलं, आणि ती कशासाठी आली होती ते मला माहीत आहे. तिची जाणीव मी खोटी म्हणत नाही. तिच्या जाणिवेवर मीटर लावण्याला माझा विरोध आहे.

संस्थेची अडचण मला कळत नाही असं नाही. सीमाभागातल्या मराठी शाळेचा पट दरवर्षी खाली येतो आहे, अनुदान रडत येतं, आणि सभागृहाच्या भाड्यावर शिपायाचा पगार निघतो. त्याच इमारतीत प्रयोगशाळेला मात्र दोन वर्षं कुलूप आहे. मागच्या खेपेला मी चावी मागितली तेव्हा ती कुणाकडे आहे हेच कुणाला सांगता आलं नाही. लंबक सभागृहात आणि स्टॉपवॉच कुलपात, हे मला सहन होत नाही.

कर्नाटकात अमानुष अनिष्ट प्रथांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे. तो इथे लागू होतो असं मी म्हणत नाही, पोलिसांत जाण्याचा विचारही नाही. शिबिरावर बंदी घाला असंही म्हणत नाही. मोठी माणसं आपल्या पैशांनी कुठेही जावोत. माझ्या मागण्या एवढ्याच आहेत.

सभागृह भाड्याने देताना करारात एक ओळ घालावी: विद्यार्थ्यांची विषयनिवड आणि कुणाचंही आजारपण किंवा औषधं यांबद्दल तिथे लंबक, पत्ते वा ‘निरोप’ यांच्या आधारे सल्ला दिला जाणार नाही. शाळेच्या सूचनाफलकावर बाहेरच्या सशुल्क शिबिराची जाहिरात लागणार नाही. ज्या मुलांनी या शिबिरानंतर पीयूसीचा, म्हणजे अकरावी-बारावीचा विभाग बदलला, त्यांच्या पालकांना शाळेने बोलावून शिक्षकांसमोर पुन्हा एकदा विचार करण्याची संधी द्यावी; प्रवेशाची मुदत संपण्याआधी. प्रयोगशाळेची चावी शोधावी. शनिवारी सकाळी मी विनामोबदला येईन, काचसामान पुसण्यापासून सुरुवात करू.

आणि शेवटचं. त्याच सभागृहात मला एक तास द्यावा, शिबिराच्या आयोजकांनाही बोलवावं. दोन वाट्या, एक रुपया, वीस प्रयत्न. अटी आधी दोघांनी मिळून कागदावर लिहायच्या आणि सह्या करायच्या. रुपया लपवणारा माणूस आपण नेमावा, लपवून झाल्यावर त्याने बाहेर जावं. सुरुवातीला एक फेरी उघड्या वाट्यांची घ्यावी आणि त्या दिवशी ऊर्जा आहे की नाही हे आयोजकांनीच जाहीर करावं. नंतरच्या वीसपैकी सोळा किंवा जास्त बरोबर आले तर हे पत्र मी त्याच सूचनाफलकावर माझ्या हाताने रद्द करीन, आणि त्यांच्या परवानगीने पुन्हा वीस वेळा करून बघू म्हणेन.

नात हल्ली सायन्सला आहे. गणिताची शिकवणी मीच घेतो. स्फटिक तिने टाकलेला नाही, पंचवीस सेंटिमीटरच्या दोऱ्याला बांधून आवर्तकाल मोजते. परवा तो किंचित जास्त येत होता, म्हणून तिला गाठीपासून नव्हे तर स्फटिकाच्या मध्यापासून लांबी मोजायला सांगितलं आहे.

उत्तर लेखी मिळावं.

आपला,
विज्ञानाचा एक निवृत्त शिक्षक
खानापूर तालुका, जि. बेळगाव